अर्धं आकाश, पूर्ण आकाश

शिकागो विद्यापीठाच्या रायरसन प्रयोगशाळेत रॉबर्ट मिलिकन यांनी १९१० च्या सुमारास जे उपकरण वापरलं, त्याचा गाभा अगदी साधा होता. पितळेच्या दोन गोल चकत्या, प्रत्येकीचा व्यास २२ सेंटिमीटर. एकीवर एक आडव्या ठेवलेल्या आणि मध्ये १६ मिलिमीटरची फट. फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून मध्ये एबोनाइटचे खुंट. वरच्या चकतीला एक बारीक भोक. अत्तराच्या फवारणीसारख्या यंत्रातून तेलाचे थेंब उडवायचे; त्यातला एखादा त्या भोकातून फटीत उतरतो आणि संथपणे खाली येऊ लागतो. चकत्यांना बॅटरी जोडली, की अंगावर विद्युतप्रभार असलेला थेंब थबकतो, किंवा उलटा वर चढू लागतो. बाजूने छोट्या दुर्बिणीतून बघणारा माणूस घड्याळ लावून त्याचा वेग मोजतो. एका इलेक्ट्रॉनवर नेमका किती प्रभार असतो, हे या मोजणीतून निघालं. १९२३ चं नोबेल पारितोषिक मिलिकन यांना मिळालं त्यामागे हे काम होतं. त्यात त्यांचे विद्यार्थी हार्वे फ्लेचर यांचाही मोठा वाटा होता.

या कहाणीत थेंबाचं कौतुक नेहमीच होतं. चकत्यांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. खरं तर एक प्रश्न लगेच पडायला हवा. कूलोम यांनी १७८५ मध्ये दाखवून दिलं, की दोन प्रभारांमधलं बळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट झालं की बळ चौथाई. मग थेंब खालच्या चकतीपासून दोन मिलिमीटरवर असताना त्याला जेवढा जोर लागतो, तेवढाच जोर चौदा मिलिमीटरवर कसा लागेल? आणि लागत नसेल, तर थेंब वर जाताना त्याचा वेग सतत बदलत राहील आणि मोजणीला काही अर्थच उरणार नाही. प्रत्यक्षात वेग बदलत नाही. दुर्बिणीतल्या एका आडव्या तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत थेंब एकसारख्या चालीने जातो.

याचं कारण शोधायला चकत्या क्षणभर बाजूला ठेवू आणि एक अशक्य वस्तू डोळ्यांसमोर आणू. एक सपाट पत्रा, चारी दिशांना अमर्याद पसरलेला, जाडी नाही, आणि त्यावर धन प्रभार सगळीकडे सारखा पसरलेला. दर चौरस मीटरवर जेवढा प्रभार, त्याला σ म्हणू. या पत्र्याच्या वर एका ठिकाणी आपण उभे आहोत. तिथे विद्युतक्षेत्र कसं असेल? म्हणजे तिथे एक छोटा प्रभार ठेवला, तर तो कुठल्या दिशेला आणि किती जोराने ढकलला जाईल?

गणिताला हात लावण्याआधीच दिशेचा निकाल लागतो. समजा क्षेत्र थोडंसं पूर्वेकडे झुकलेलं आहे. आता आपल्या पायाखालून जाणाऱ्या उभ्या रेषेभोवती अख्खा पत्रा अर्धा फिरवा. झुकाव पश्चिमेकडे गेला पाहिजे. पण फिरवण्याआधीचा पत्रा आणि फिरवल्यानंतरचा पत्रा यांत तिळमात्र फरक नाही. तोच पत्रा एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला ढकलू शकत नाही. म्हणून झुकाव नाहीच. क्षेत्र सरळ उभं, पत्र्याला काटकोनात. आता पत्रा उत्तरेला चार मीटर सरकवा. पुन्हा काहीच बदललं नाही. म्हणजे क्षेत्राचं मूल्य आपण पत्र्याच्या कुठल्या भागावर उभे आहोत यावर अवलंबून नाही, फार तर उंचीवर असेल. आणि वरची-खालची बाजू आरशासारखी उलटवली तरी पत्रा तोच राहतो, तेव्हा वर जेवढं क्षेत्र वरच्या दिशेने, तेवढंच खाली खालच्या दिशेने.

ही सगळी सममितीची करामत. पिएर क्यूरी यांनी १८९४ मध्ये हे तत्त्व रोखठोक मांडलं: कारणात जी सममिती आहे, ती परिणामातही सापडलीच पाहिजे. या तत्त्वाला एक अट मात्र आहे, आणि ती पुढे आपल्याला अडवणार आहे. पत्र्याखेरीज आसपास दुसरं काही नाही, असं आपण गृहीत धरलेलं आहे. दूर कुठे दुसरा प्रभार असेल, तर 'पत्रा फिरवला तरी काही बदललं नाही' हे म्हणताच येत नाही.

आता उरला उंचीचा प्रश्न. इथेच कूलोमचा नियम आणि मिलिकन यांचा थेंब एकमेकांशी भांडताना दिसतात. त्यांची समजूत घालायला पत्र्याकडे एका निमुळत्या नळकांड्यातून बघू, शंकूच्या आकाराच्या. टोक आपल्या डोळ्याशी आणि तोंड पत्र्याकडे. त्यातून पत्र्याचा एक तुकडा दिसतो. आता आपण दुप्पट उंचीवर गेलो आणि नळकांडं त्याच दिशेला धरलं. आता दिसणारा तुकडा लांबीने दुप्पट, रुंदीने दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. त्यावरचा प्रभारही चौपट. अंतर दुप्पट झाल्याने प्रत्येक कणाचा जोर चौथाई झाला, पण कण चौपट झाले. हिशेब बरोबर जमतो. प्रत्येक दिशेच्या नळकांड्याबद्दल हेच खरं आहे, आणि पत्रा अमर्याद असल्यामुळे नळकांडं खालच्या कुठल्याही दिशेला वळवलं तरी ते कुठे ना कुठे पत्र्याला भिडतंच. म्हणून उंची कितीही असो, एकूण जोर तेवढाच.

चुन्याने रंगवलेल्या लांबरुंद पांढऱ्या भिंतीपासून आपण चार पावलं मागे सरलो, तर भिंत अंधूक दिसत नाही. नजरेत भिंतच भिंत असेपर्यंत तिचा उजेड तेवढाच वाटतो. कारण तेच आहे. दिव्याचा उजेडही अंतराच्या वर्गाने कमी होतो, पण भिंतीचा डोळ्यात मावणारा भाग त्याच प्रमाणात वाढत जातो.

याच नळकांड्यातून नेमका आकडाही निघतो, आणि मला तो मार्ग पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. सरळ खाली न बघता तिरपं बघितलं, तर नळकांड्यात पत्र्याचा तिरका, म्हणून अधिक मोठा तुकडा येतो. तिकडून येणारा जोर जास्त असतो, पण तोही तिरका. त्यातला उभा हिस्साच कामी येतो, आडवा हिस्सा समोरच्या बाजूचा तुकडा खाऊन टाकतो. तिरकेपणामुळे तुकडा ज्या प्रमाणात मोठा होतो, नेमक्या त्याच प्रमाणात उभा हिस्सा कमी होतो. म्हणजे आपल्याभोवतीच्या सगळ्या दिशांचं मिळून एक पूर्ण गोल आकाश मानलं, तर पत्र्याने व्यापलेला त्या आकाशाचा प्रत्येक सारखा तुकडा उभ्या क्षेत्रात सारखीच भर घालतो, मग तो पायाखालचा असो की क्षितिजाजवळचा. अख्खं आकाश भरलं तर भर σ/ε₀ एवढी होते. ε₀ हा निर्वात जागेचा ठरलेला स्थिरांक. अमर्याद पत्रा आपल्या खालचं अर्धं आकाश व्यापतो, ना कमी ना जास्त. म्हणून

E = σ / 2ε₀

सूत्रातला तो दोन म्हणजे हे अर्धं आकाश. सूत्रात उंची कुठेच नाही, कारण कितीही वर गेलं तरी अमर्याद पत्रा अर्धं आकाशच व्यापतो.

महाविद्यालयात हेच उत्तर गाउसच्या नियमाने काढतात. पत्र्याला आरपार छेदणारी एक डबी कल्पायची, झाकण वर आणि तळ खाली. डबीतून बाहेर पडणारा एकूण क्षेत्रप्रवाह हा आतल्या प्रभाराला ε₀ ने भागून येतो. डबीच्या उभ्या भिंतींतून काही जात नाही, कारण क्षेत्र उभं आहे. झाकण आणि तळ यांतून सारखंच जातं. म्हणून दोन वाटे, प्रत्येकी अर्धा. पद्धत सुटसुटीत आहे, पण तिच्यात कुठलं काम कोण करतं याकडे बारकाईने बघायला हवं. झाकणातून आणि तळातून मिळून किती प्रवाह जातो, एवढंच गाउसचा नियम सांगतो. दोघांत वाटणी निम्मी-निम्मी व्हायची, हे सममिती सांगते. गाउसच्या नियमाला त्याचा पत्ताही नसतो.

ही बाब क्षुल्लक नाही. बारावीच्या आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच उडतो. एका पत्र्याचं क्षेत्र σ/2ε₀ असं शिकतात, आणि पान उलटलं की धातूच्या पृष्ठभागाजवळचं क्षेत्र σ/ε₀ असं येतं. मग दोन पत्रे समोरासमोर आले की कुणी σ/ε₀ ची दुप्पट करतो, कुणी निम्मं. गोंधळ सोडवायला डबीकडे परत जायचं. धातूच्या आत क्षेत्र शून्य असतं, तेव्हा तिथे डबीच्या तळातून काहीच जात नाही आणि सगळा प्रवाह झाकणातून जातो. एकूण तेवढाच, वाटणी वेगळी. पत्र्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना क्षेत्रात σ/ε₀ ची उडी पडते, एवढं पक्कं. उडीच्या दोन्ही टोकांना काय असेल, ते आसपास आणखी काय आहे यावर ठरतं.

आता दुसरा पत्रा आणू. खालच्यावर धन प्रभार, वरच्यावर तेवढाच ऋण. दोघांच्या मध्ये उभं राहून बघा. खालचं अर्धं आकाश धन पत्र्याने भरलं आहे, तो वर ढकलतो. वरचं अर्धं आकाश ऋण पत्र्याने भरलं आहे, तो वर ओढतो. दोन्ही अर्ध्यांचा जोर एकाच दिशेने, म्हणजे आता पूर्ण आकाश भरलं. क्षेत्र E = σ/ε₀. आता दोन्ही पत्र्यांच्या वर जाऊन उभे राहा. तिथून दोन्ही पत्रे खालच्याच अर्ध्या आकाशात आहेत, एकामागे एक. एक ढकलतो, दुसरा तेवढाच ओढतो. क्षेत्र शून्य. खाली गेलं तरी तेच. सगळं क्षेत्र फटीत कोंडलेलं, आणि फटीत सगळीकडे सारखं.

इथे मघाची अट आडवी येते. दोन पत्र्यांच्या जोडीलाही स्वतःची सममिती आहे: वर-खाली उलटवा आणि धनाचं ऋण करा, जोडी तीच राहते. पण एवढ्या सममितीवरून बाहेरचं क्षेत्र शून्य आहे हे सिद्ध होत नाही. वर आणि खाली बाहेरचं क्षेत्र एकाच दिशेने आणि सारखं असेल, एवढंच तिच्यातून निघतं. दोन्ही पत्रे पोटात घेणारी मोठी डबी घेतली तरी तेच कळतं, कारण आतला एकूण प्रभार शून्य आहे. जेवढं खालून आत शिरलं तेवढं वरून बाहेर पडलं, बस्स. बाहेरून एखादं एकसारखं उभं क्षेत्र आधीच पसरलेलं असेल, तर ही जोडी त्याच्याविरुद्ध चकार शब्द काढणार नाही. असं क्षेत्र काही काल्पनिक नाही: निरभ्र दिवशी मोकळ्या मैदानावर जमिनीलगत दर मीटरला साधारण शंभर व्होल्टचं उभं क्षेत्र असतंच. म्हणून जोडीचा विचार करताना प्रत्येक पत्रा आधी एकटा घ्यायचा, त्याच्या एकटेपणाची भरभक्कम सममिती वापरून त्याचं क्षेत्र काढायचं, आणि मग दोन्ही क्षेत्रांची बेरीज करायची. पुष्कळ पुस्तकं दोन पत्र्यांसाठी 'सममितीवरून उघड आहे' म्हणून पुढे सरकतात. ते तितकंसं उघड नाही.

आता पितळेच्या चकत्यांकडे येऊ आणि एक थेंब पूर्ण मोजू. चकत्यांमध्ये ५,००० व्होल्टचा दाब लावला. फट १६ मिलिमीटर. क्षेत्र एकसारखं असल्याने भागाकार केला की झालं: दर मीटरला सुमारे ३ लाख १२ हजार व्होल्ट. E = σ/ε₀ उलटं वापरलं, तर चकतीवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १ कोटी ७० लाख इलेक्ट्रॉन जास्त बसलेले आहेत (दुसरीवर तेवढेच कमी). आकडा मोठा वाटतो, पण पितळेच्या पृष्ठभागावरच्या अणूंच्या तुलनेत तो नगण्य आहे. साधारण दहा लाख अणूंमागे एक इलेक्ट्रॉन.

थेंब दीड मायक्रॉन त्रिज्येचा घेऊ, म्हणजे मिलिमीटरचा दीड हजारांश. तेलाची घनता पाण्याच्या ०.९२ पट. बॅटरी तोडलेली असताना हवेचा अडथळा आणि वजन यांचा तोल साधून हा थेंब सेकंदाला सुमारे ०.२५ मिलिमीटर वेगाने खाली येतो. एक सेंटिमीटर उतरायला ४० सेकंद. आता बॅटरी जोडली. थेंबावर पाच इलेक्ट्रॉनांचा प्रभार असेल, तर विद्युतबळ वजनाच्या जवळजवळ दुप्पट होतं आणि थेंब जवळपास त्याच वेगाने वर चढतो, सेकंदाला ०.२४ मिलिमीटर. एवढ्यात हवेतला एखादा आयन त्याला चिकटला आणि पाचाचे सहा झाले, तर वेग एकदम ०.३४ होतो. पाचाचे चार झाले तर ०.१४. एक सेंटिमीटर चढायला लागणारा वेळ अनुक्रमे ४२, ३० आणि ७० सेकंद. साध्या घड्याळावर न चुकता दिसणारे हे फरक आहेत. वेग मधल्या कुठल्याही मूल्यावर थांबत नाही, पायरीपायरीने उडी मारतो, आणि प्रत्येक पायरी सुमारे ०.१ मिलिमीटरची. प्रभार सुट्या, सारख्या कणांनी येतो याचा पुरावा हाच.

क्षेत्र एकसारखं नसतं तर? समजा फटीच्या तळापासून वरपर्यंत ते दहा टक्क्यांनी बदललं असतं. पाच इलेक्ट्रॉनांच्या थेंबाचा वेग मग एका चढाईतच ०.०५ मिलिमीटरने ढळला असता, म्हणजे अर्ध्या पायरीने. चार की पाच, की मधलंच काही, हे सांगणं अवघड झालं असतं.

आणि चकत्या काही अमर्याद नव्हत्या. त्यांची त्रिज्या ११ सेंटिमीटर. तेव्हा आकाशाचा हिशेब परत लावू. एकाच चकतीवर प्रभार सारखा पसरलेला असेल, तर तिच्या मध्यावर, अगदी चिकटून, ती अर्धं आकाश व्यापते. १६ मिलिमीटर वर गेलं की क्षितिजालगतची एक पट्टी मोकळी पडते आणि चकतीकडे अर्ध्या आकाशाचा ८६ टक्के भागच उरतो. क्षेत्र १४ टक्क्यांनी घसरलं. हे चालणार नाही.

दोन चकत्या समोरासमोर आल्या की मजा होते. मध्ये उभं राहिलं तर दोघींच्या कडांमधून क्षितिजावर एक मोकळी पट्टी दिसते, पूर्ण आकाशाच्या सुमारे सात टक्के. वर सरकलं की खालची चकती थोडं आकाश गमावते, पण वरची जवळ आल्याने जवळजवळ तेवढंच कमावते. पट्टी नुसती सरकते, तिचा आकार मात्र बदलत नाही. मध्यावर ती ७.२५ टक्के, चकतीलगत ७.२ टक्के. क्षेत्र आदर्श पत्र्यांपेक्षा थोडं कमी आहे, पण वरपासून खालपर्यंत सारखं आहे, आणि थेंबाला तेवढंच हवं आहे. एकट्या चकतीला जे जमत नाही ते जोडीला जमतं, ते असं.

खऱ्या धातूच्या चकत्यांत परिस्थिती याहूनही चांगली असते. प्रभार तिथे मोकळा असतो. तो स्वतःला असा मांडून घेतो, की दोन्ही चकत्यांवर दाब सगळीकडे ठरलेला राहील, आणि कडेजवळ तो जास्त गर्दी करतो. त्यामुळे ती सात टक्क्यांची तूटही भरून निघते आणि मध्यावर क्षेत्र दाब भागिले फट एवढंच येतं. बिघाड कडेला होतो. पातळ पत्र्यांच्या कडेचं गणित मॅक्सवेल यांच्या काळापासून माहीत आहे. ऐन कडेवर, फटीच्या मधोमध, क्षेत्र मूळच्या ७८ टक्के असतं आणि क्षेत्ररेषा बाहेर फुगलेल्या असतात. कडेपासून अर्ध्या फटीएवढं आत गेलं की घट दीड टक्क्यावर येते. एक अख्खी फट आत, म्हणजे आपल्या चकत्यांत १६ मिलिमीटर, आणि फरक हजारात एकाहूनही कमी. थेंब तर कडेपासून सात फटी दूर, मध्यावर होता.

याच कडेचा बंदोबस्त विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी आणखी सुबकपणे केला होता. त्यांना दोन चकत्यांमधलं आकर्षण तराजूने तोलून व्होल्टेज मोजायचं होतं. आपल्या चकत्यांत ते आकर्षण जेमतेम पावणेदोन ग्रॅम वजनाइतकं भरतं, आणि ते काढताना पुन्हा अर्ध्या आकाशाचं भान ठेवावं लागतं: एका चकतीला ओढते ती फक्त दुसरी, स्वतःचं क्षेत्र स्वतःला ओढत नाही, म्हणून बळ काढताना σ/ε₀ नव्हे, σ/2ε₀ घ्यायचं. थॉमसन यांनी तोलायच्या चकतीभोवती, केसाएवढी फट सोडून, त्याच पातळीत आणि त्याच दाबावर एक रुंद कडं बसवलं. कडेचा सगळा गोंधळ कड्याच्या वाट्याला गेला. मधल्या चकतीला वाटतं आपण अमर्याद पत्र्याचा भाग आहोत. आजही इन्सुलेशनचे नमुने तपासताना असं रक्षक कडं वापरतात.

प्रयोगशाळेत क्षेत्र बिघडलं आहे हे कसं ओळखायचं? थेंबच सांगतो. चकत्या एकमेकींना समांतर आहेत, पण दोन्ही मिळून एक अंशाने कललेल्या आहेत असं समजा. क्षेत्र चकत्यांना काटकोनात राहतं, वजन मात्र सरळ खाली. उभा तोल साधून थेंब थांबवला, तरी वजनाच्या पावणेदोन टक्के एवढं बळ त्याला बाजूला ढकलत राहतं. आपला दीड मायक्रॉनचा थेंब मिनिटाला पाव मिलिमीटर बाजूला सरकतो. वर-खाली स्थिर, पण आडवा तरंगत चाललेला थेंब दिसला, की पाणसळ घेऊन चकत्या आधी समपातळीत आणायच्या. पाणसळ बरोबर असूनही सरकत असेल, तर खुंटांची उंची किंवा हवेचा झोत तपासायचा. थेंब दुर्बिणीच्या दिशेने सरकत असेल, तर तो बाजूला गेलेला दिसत नाही, नुसता अंधूक होत जातो. नवख्याला वाटतं भिंग बिघडलं.

मिलिकन यांनी १९१३ मध्ये दिलेलं इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचं मूल्य, आजच्या एककांत, १.५९२ × १०⁻¹⁹ कूलोम होतं. आजचं मूल्य १.६०२ × १०⁻¹⁹ आहे. सुमारे एकशे साठात एकाची ही तूट कशामुळे, ते १९३० च्या दशकात उमगलं. हवेच्या चिकटपणाचा जो आकडा त्यांनी वापरला, तोच थोडा कमी होता. चकत्यांमधलं क्षेत्र त्यांनी धरलं होतं तसंच होतं.